पलीकडून परत येणारा 'हॅलो'

फोन लागतो, आपण 'हॅलो' म्हणतो, आणि पलीकडच्याने तोंड उघडायच्या आत आपलाच 'हॅलो' कानात परत येतो. जरा बारीक, जरा चेपलेला, पण आपलाच. पुढचं वाक्य सुरू करावं तर त्यातलं पहिलं अक्षर मागून येऊन तिसऱ्या अक्षरावर आदळतं. जीभ अडखळते, बोलणं नकळत संथ होतं, मध्येच थांबावंसं वाटतं. आपण विचारतो, "अरे, माझा आवाज परत येतोय, तुला पण येतोय का?" तो म्हणतो, "नाही, मला एकदम स्वच्छ ऐकू येतंय. तुझ्याच फोनचं काहीतरी असेल." मग आपण वायर हलवून बघतो, रिसीव्हर ठेवून परत उचलतो, शेवटी दुसऱ्या खोलीतला फोन घेतो. काही फरक पडत नाही. पडणारही नसतो, कारण "तुझ्याच फोनचं" हे निदान नेमकं उलटं आहे.

आपल्याला ऐकू येणारा इको जन्मतो पलीकडे, आणि त्याला मारणारं यंत्रही पलीकडेच बसवलेलं असतं.

हे पटायला जरा जड जातं. आपल्या कानात आवाज येतोय, तर खोट आपल्याकडेच असणार, असं मन धरून बसतं. पण आवाजाचा प्रवास बघितला की उलगडा होतो. घरातल्या साध्या फोनपासून एक्स्चेंजपर्यंत तांब्याच्या दोनच तारा जातात. त्या एका जोडीवरून आपलं बोलणं जातं आणि त्याच जोडीवरून पलीकडचं येतं, दोन्ही एकाच वेळी. जवळच्या अंतराला हे चालतं. लांब जायचं तर आवाज वाटेत क्षीण होतो, तो ॲम्प्लिफायरने वाढवावा लागतो, आणि ॲम्प्लिफायर एकाच दिशेने काम करतो. म्हणून लांबच्या मार्गावर जाण्याची वाट वेगळी आणि येण्याची वेगळी ठेवतात: दोन जोड्या, चार तारा. आज तिथे तारा नाहीत, फायबरवरचे आकडे आहेत, पण दोन स्वतंत्र दिशा तशाच आहेत आणि बोलताना 'फोर-वायर' हाच शब्द वापरतात. सगळा घोळ होतो तो या दोन जगांच्या सांध्यावर, जिथे चार तारांच्या दोन होतात. त्या सांध्याचं नाव हायब्रिड.

जुना हायब्रिड म्हणजे लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेली, मुठीत मावेल अशी ट्रान्सफॉर्मरची कॉइल. आता तेच काम एक्स्चेंजच्या लाइन कार्डावरची चिप करते, पण युक्ती बदललेली नाही. हायब्रिडला एक तराजू समजा. एका पारड्यात ग्राहकाची खरी लाइन, दुसऱ्यात तिची नक्कल करणारं एक छोटं सर्किट, ज्याला बॅलन्स नेटवर्क म्हणतात. दूरवरून आलेला आवाज दोन्ही पारड्यांत सारखा वाटला जातो. जाणारी वाट या दोन पारड्यांतला फरक तेवढा उचलते. नक्कल तंतोतंत जुळली तर फरक शून्य, म्हणजे आलेला आवाज जाणाऱ्या वाटेवर अजिबात चढत नाही. ग्राहक स्वतः बोलतो तेव्हा मात्र एकच पारडं हलतं, आणि त्याचा आवाज बरोबर बाहेर पडतो. या व्यवस्थेची किंमत अशी की निम्मी शक्ती त्या नकली सर्किटात उष्णता होऊन जाते. कागदावर ३ डेसिबल, म्हणजे ३ डीबी, प्रत्यक्षात कॉइलमधला तोटा धरून साधारण साडेतीन. ती परवडते. परवडत नाही ती न जुळलेली नक्कल.

आणि ती जुळत नाहीच. एक्स्चेंजमधून निघणाऱ्या हजारो लाइनींपैकी एक दोनशे मीटरची, एक पाच किलोमीटरची. एकीची तार जाड, एकीची बारीक. कुठे वाटेत जुना फाटा अर्धवट लोंबकळत ठेवलेला, कुठे टोकाला तीन फोन समांतर जोडलेले. त्या सगळ्यांच्या वाट्याला नक्कल मात्र एकाच मापाची. उत्तर अमेरिकेतल्या एक्स्चेंजांत ती बहुतेकदा ९०० ओहमचा रेझिस्टर आणि त्याच्याशी सीरिजमध्ये २.१६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशी असे. तडजोडच ती. त्यामुळे पारडं थोडं कलतं, आणि जेवढं कलतं तेवढा आलेला आवाज परत फिरतो. सामान्य लाइनवर परत येणारा आवाज मूळ आवाजापेक्षा दहा-बारा डीबी खाली असतो. ऐकायला हे पुष्कळ वाटतं, पण व्होल्टेजच्या हिशेबात तो साधारण पाव भाग आहे. आपल्या आवाजाचा पाव भाग सतत परत येतो आहे, दर कॉलला, दर शब्दाला.

मग तो एरवी ऐकू का येत नाही? उशीर नसतो म्हणून. त्याच गावातल्या कॉलवर तो पाव भाग दोन-तीन मिलिसेकंदांत परत येतो, आणि आपल्या बोलण्यातच मिसळून जातो. उलट रिसीव्हरमध्ये आपलाच थोडा आवाज आपल्याला हवाच असतो. त्याला साइडटोन म्हणतात, आणि तो पूर्ण काढून टाकला तर फोन मेल्यासारखा वाटतो. जाऊन-येऊन २५-३० मिलिसेकंद झाले की कानाला तो वेगळा जाणवू लागतो. दोनशेच्या आसपास तो सर्वात जास्त छळतो. माणूस अक्षरशः तोतरा बोलायला लागतो. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. आवाज वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद, म्हणजे इको परत येईपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या वर. एवढ्या वेळात दोन-तीन अक्षरं बोलून झालेली असतात आणि मग आपलंच बोलणं आपल्याला उत्तर दिल्यासारखं येतं. हायब्रिडमधली गळती तीच, लाइन तीच. उशिराने तिला आवाज दिला.

यावरचा पहिला इलाज फार साधा होता: मुद्दाम तोटा घालायचा. बोलणं लाइनवरून एकदा जातं, इको मात्र जातो आणि येतो, म्हणजे घातलेला तोटा बोलण्याला एकपट आणि इकोला दुप्पट लागतो. अमेरिकेतल्या बेल सिस्टिम या टेलिफोन कंपनीच्या लोकांनी अंतरानुसार हा तोटा किती ठेवायचा याचं गणितच बसवलं होतं. इकोच्या उशिराच्या दर मिलिसेकंदाला साधारण ०.१ डीबी. मला हा इलाज आवडतो, कारण त्यात लपवाछपवी नाही. पण अंतर तीन हजार किलोमीटरच्या आसपास गेलं की लागणारा तोटा इतका होतो की समोरच्याचं बोलणंच कानापर्यंत पोहोचत नाही. तिथून पुढे इको सप्रेसर बसवत. १९२० च्या दशकातलं हे यंत्र म्हणजे आवाजावर चालणारं एक स्विच: एक बाजू बोलतेय असं दिसलं की परतीची वाट बंद. इको गेला, पण संभाषणही एकेरी झालं. समोरच्याने मध्येच "हो, हो" म्हटलं तर त्यातला पहिला 'हो' गिळला जायचा. दोघं एकदम बोलले की शब्दांचे तुकडे पडायचे. समुद्राखालच्या केबलवर लोकांनी हे सोसलं. १९६५ मध्ये पहिला व्यापारी संपर्क उपग्रह वर गेला आणि अर्ध्या सेकंदाच्या उशिरापुढे ते सोसवेना.

वाट बंद करायची नाही, वाटेवरून येणारा इको तेवढा वजा करायचा, ही कल्पना त्याच वर्षांत बेल लॅब्समध्ये मनमोहन सोंधी आणि जॉन केली यांनी पुढे आणली. सोंधींचा लेख १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. विचार असा. इको वजा करणारा हा कॅन्सलर हायब्रिडच्या बाजूलाच बसलेला आहे. हायब्रिडकडे जाणारा आवाज तो जाताना ऐकतो, आणि हायब्रिडकडून येणारा येताना ऐकतो. हायब्रिड त्या आवाजाचं काय करतो हे एकदा कळलं, तर इको कसा असेल ते आधीच मांडता येईल, आणि परत येणाऱ्या आवाजातून ते वजा करता येईल. उरेल तो फक्त तिथल्या माणसाचा आवाज. दोघं एकदम बोलले तरी दोघांचं पोहोचेल.

म्हणूनच तो हायब्रिडच्या जवळ लागतो. आपल्या टोकाला बसवला असता तर त्याला उपग्रहाचा अर्धा सेकंद सगळा लक्षात ठेवावा लागला असता. पलीकडे, हायब्रिडच्या शेजारी, त्याला आठवावे लागतात फक्त काही मिलिसेकंद. कॅन्सलरपासून हायब्रिडपर्यंत जाऊन परत येण्याच्या या वाटेला टेल म्हणतात.

आत काय चालतं ते एकदा नीट बघण्यासारखं आहे. टेलिफोनचा आवाज सेकंदाला ८,००० नमुन्यांत मोजलेला असतो, म्हणजे दर १२५ मायक्रोसेकंदांना एक आकडा. ६४ मिलिसेकंदांचा टेल सांभाळायचा तर मागचे ५१२ आकडे जवळ ठेवायचे. प्रत्येकाला एक गुणक. गुणायचे, बेरीज करायची, की इकोचा अंदाज तयार. तो आलेल्या आकड्यातून वजा करायचा. जे उरतं ती चूक. मग त्या चुकीच्या प्रमाणात प्रत्येक गुणक किंचित सरकवायचा: ज्या क्षणाचा आवाज मोठा होता त्याचा गुणक जास्त, ज्या क्षणी शांतता होती त्याचा जवळपास नाहीच. सगळं त्या ५१२ आकड्यांच्या एकूण शक्तीने भागायचं, म्हणजे कुणी ओरडून बोलला तरी शिकणं भरकटत नाही आणि हळू बोलला तरी रेंगाळत नाही. आणि १२५ मायक्रोसेकंदांनी हेच परत. सेकंदाला ऐंशी लाखांहून जास्त गुणाकार होतात, एका कॉलसाठी. १९६७ मध्ये हे करणारं यंत्र रोजच्या वापरात परवडण्यासारखं नव्हतं. १९८० मध्ये बेल लॅब्सनेच १२८ गुणकांचा, म्हणजे १६ मिलिसेकंदांचा, कॅन्सलर एका चिपवर बसवून दाखवला.

शिकून झाल्यावर त्या गुणकांचा आलेख काढला तर हायब्रिडचा चेहराच दिसतो. आधी बराच वेळ सपाट रेषा, शून्याजवळ: कॅन्सलरपासून हायब्रिडपर्यंत जाऊन येण्याचा निव्वळ उशीर. फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो, तेव्हा दर १०० किलोमीटरला जाण्यायेण्याचा एक मिलिसेकंद, म्हणजे आठ गुणक सपाट. मग एकदम एक चढ, लगेच उलट्या बाजूला उतार, दोन-चार लहान लहान लाटा, आणि पाच-सात मिलिसेकंदांत सगळं शांत. ती लाट म्हणजे ती लाइन: तिची तार, तिची लांबी, टोकाचा फोन. दुसऱ्या लाइनची लाट वेगळी दिसते. म्हणून प्रत्येक कॉलला हे शिकणं पहिल्यापासून करावं लागतं, आणि म्हणूनच चांगल्या लाइनवरही पहिला 'हॅलो' कधीकधी परत येतो आणि दुसऱ्या वाक्यापर्यंत विरून जातो. तो बिघाड नाही. कॅन्सलरने आपला 'हॅलो' ऐकून लाइन ओळखून घेतली, एवढंच.

अडचण येते ती पलीकडचा माणूस बोलायला लागतो तेव्हा. कॅन्सलरच्या दृष्टीने त्याचा आवाज म्हणजे प्रचंड मोठी चूक. ती कमी करायच्या नादात तो सगळे गुणक बिघडवून बसेल. म्हणून दोघं बोलत असताना शिकणं थांबवायचं, वजाबाकी चालू ठेवायची. पण दोघं बोलताहेत हे ओळखायचं कसं? गाइगेलच्या नावाने ओळखली जाणारी जुनी पद्धत एका गृहीतावर उभी आहे: हायब्रिडने निदान ६ डीबी तरी खाल्ले असणार, म्हणजे इको कधीही मूळ आवाजाच्या निम्म्याहून मोठा नसणार. तेव्हा परत येणारा नमुना जर नुकत्याच गेलेल्या सर्वात मोठ्या नमुन्याच्या निम्म्याहून मोठा निघाला, तर तो इको नव्हे, माणूस बोलतोय. शिकणं थांबवा, आणि शब्दांच्या मधल्या फटींत चुकून सुरू होऊ नये म्हणून थोडा वेळ थांबूनच राहा.

या एका 'निम्म्या'वर काय काय अवलंबून आहे ते एका लाइनवर मांडून बघू. सोपं जावं म्हणून लाइन आखूड आणि सगळे रोध शुद्ध धरू. बॅलन्स नेटवर्क ६०० ओहम, घरात ६०० ओहमचा एक फोन उचललेला. पारडी समान, इको शून्य. बोलणं चालू असताना दुसऱ्या खोलीत कुणी एक्स्टेन्शन उचललं. दोन फोन समांतर, म्हणजे ३०० ओहम. परत फिरणारा भाग काढायचा तर दोन रोधांची वजाबाकी भागिले बेरीज: ३०० भागिले ९००, म्हणजे एक तृतीयांश, साडेनऊ डीबी. कॅन्सलरने शून्याची लाइन शिकून ठेवलेली होती. ती आता खोटी पडली. दूरच्या माणसाला अचानक स्वतःचा आवाज परत ऐकू येतो, 'हे काय' म्हणेपर्यंत कॅन्सलर नव्याने शिकतो आणि इको जातो. एक तृतीयांश हे निम्म्यापेक्षा कमी आहे, म्हणून शिकता आलं. आता तिसरा फोन उचलला. २०० ओहम, ४०० भागिले ८००, बरोबर निम्मं. कॅन्सलर उंबरठ्यावर उभा.

तिसरा फोन क्वचितच कुणी उचलतो. पण उंबरठा ओलांडायला त्याची गरजही नाही. "आवाज बारीक येतो" अशी तक्रार आली म्हणून कुणीतरी कॅन्सलर आणि हायब्रिड यांच्यामध्ये दोन्ही दिशांना ३-३ डीबी वाढवून ठेवतो. वाढ निरुपद्रवी वाटते. पण इको दोन्हींतून जातो, त्याला ६ डीबी लागतात, म्हणजे दुप्पट. मघाचा दोन फोनांचा एक तृतीयांश आता दोन तृतीयांश झाला. कॅन्सलर प्रत्येक शब्दाला म्हणतो, माणूस बोलतोय, आणि हात बांधून बसतो. कॉल संपेपर्यंत इको एकसारखा, जराही कमी न होणारा. यंत्र शाबूत आहे, चालू आहे, दिवे हिरवे आहेत, आणि तरी काही करत नाही. असा इको दिसला की मी आधी गेन, म्हणजे आवाज किती वाढवून ठेवलाय ते, बघा म्हणेन. कॅन्सलर बदलून काही होत नाही. पातळी तीन-चार डीबी खाली आणली की तो आपोआप शिकू लागतो. ग्राहकाच्या टोकाला आवाज थोडा मंद ठेवतात त्यामागे हाही हिशेब आहे.

सगळं जुळून आलं तरी वजाबाकी शून्यावर येत नाही. डिजिटल आवाज आठ बिटांत दाबताना जी गोलाबेरीज होते, ती मोठ्या आवाजाच्या पस्तीस-अडतीस डीबी खाली एक खरखर ठेवून जाते, आणि ती कुठल्याही गुणकाने वजा होत नाही. ती राहिलेली कुजबुज मारायला शेवटी एक फाटक असतं: फक्त दूरचा माणूस बोलतोय आणि उरलेला आवाज अगदी बारीक आहे, तर तो पूर्ण कापा. कापलं की पलीकडच्या खोलीतला पंखाही कापला जातो. आपण बोलायला लागलो की लाइन बधिर, थांबलो की पंखा परत. तेव्हा त्या जागी तेवढ्याच पातळीची कृत्रिम खरखर भरतात. ती नीट जुळवलेली नसली तर आपल्या प्रत्येक वाक्याबरोबर मागचा आवाज उघडमीट करतो, आणि समोरचा फोन ठेवून निघून गेला की काय अशी शंका येत राहते.

मोडेमला मात्र हा कॅन्सलर नको असतो, तो आपला इको आपणच वजा करतो. म्हणून उत्तर देणारा मोडेम आधी २१०० हर्ट्झचा सूर धरतो आणि दर ४५० मिलिसेकंदांनी त्याची फेज उलटी करतो. लक्ष देऊन ऐकलं तर त्या लांब शिट्टीत एक बारीकशी ठेच लागते. साध्या, न ठेचाळणाऱ्या शिट्टीने जुने सप्रेसर बाजूला होतात. ठेच लागली तर कॅन्सलरही. सूर संपून लाइन पाव सेकंदभर शांत झाली की तो पुन्हा कामाला लागतो.

इंटरनेटवरून कॉल जाऊ लागले तेव्हा पुष्कळांना वाटलं की नव्या तंत्राने इको आणला. पॅकेट भरायला, रांगेत थांबायला, पलीकडे पुन्हा ओळीत लावायला प्रत्येकी थोडा वेळ जातो, आणि पूर्वी जो कॉल दहा मिलिसेकंदांत फिरून यायचा तो शंभरात येऊ लागला. इको नवा नव्हता. उशीर नवा होता. चूक होते ती कॅन्सलरच्या जागेत. तो पॅकेटच्या अलीकडे बसवला आणि ४० मिलिसेकंदांचं जाणंयेणं त्याच्या टेलमध्ये शिरलं, तर ३२ मिलिसेकंदांच्या कॅन्सलरला ती लाट दिसतच नाही. त्याचे २५६ गुणक सपाट रेषेवर संपतात, आणि इको त्यांच्या पलीकडून येत राहतो.

आता त्या 'हॅलो'कडे. समोरच्याला एकच विनंती करून बघायची: "जरा तुझा फोन म्यूट कर, मी बोलून बघतो." म्यूट केल्यावर आपला आवाज परत यायचा थांबला तर तो त्याच्या स्पीकरमधून निघून त्याच्या माइकमध्ये शिरत होता, आवाज कमी करून किंवा फोन कानाला लावून सुटेल. म्यूट करूनही येतच राहिला, तर माइकचा संबंध नाही, तो त्याच्या लाइनच्या हायब्रिडवरून फिरतोय, आणि तक्रार त्याच्या लाइनवर नोंदवायला हवी. त्याला ते पटवणं अवघड जाईल. त्याला खरंच स्वच्छ ऐकू येतंय, कारण त्याचा इको जिथून परत फिरला असता त्या आपल्या टोकाचा कॅन्सलर नीट चालला आहे.